शून्य थकबाकीची यादी

ऑगस्टच्या कमिटी मीटिंगला सेक्रेटरींनी मासिक गोषवारा वाचून दाखवला. जमा, खर्च, बँकेतली शिल्लक आणि शेवटच्या ओळीत "एकूण थकबाकी : ₹0". चेअरमन काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, थकबाकी शून्य? बी विंगच्या जिन्यात तर कालच दोघांना आठवण करून दिली मी." सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण सोसायटीचा खजिनदार मी आणि ती एक्सेल फाइलही माझीच.

घरी येऊन फाइल उघडली. गोषवाऱ्याच्या शीटवर खरंच शून्य होतं. ते ज्या शीटवरून येत होतं तिथे गेलो, तर थकबाकीदारांची यादीच गायब. मथळ्यांखालच्या पहिल्या चौकोनात एवढंच होतं :

```
#SPILL!
```

फॉर्म्युल्याला मी महिनाभर हात लावला नव्हता. फाइल दुसऱ्या कोणी उघडलीही नव्हती. तरी जुलैत चाललेली गोष्ट ऑगस्टमध्ये बंद पडली होती. हा एरर भेटलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो, की मी काही बदललं नाही, मग बिघडलं काय? उत्तर असं की फॉर्म्युला ठणठणीत असतो, त्याला पसरायला जागा उरलेली नसते.

आधी हे पसरणं म्हणजे काय ते पाहू. आपण सगळे ज्या एक्सेलवर शिकलो त्यात एका चौकोनात एक फॉर्म्युला लिहायचा आणि त्याच चौकोनात एक उत्तर यायचं. दहा उत्तरं हवी असतील तर फॉर्म्युला दहा ओळी खाली ओढायचा. एकाच फॉर्म्युल्याची अनेक उत्तरं काढायची सोय तेव्हाही होती, पण ती जाणकारांची. उत्तरांसाठी आधी नेमके तेवढे चौकोन निवडायचे, फॉर्म्युला लिहायचा आणि शेवटी कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर ही तीन बटणं एकत्र दाबायची. जागा आपणच आखून दिलेली असल्यामुळे तिच्याबाहेर जायचा प्रश्न येत नसे. सप्टेंबर 2018 मध्ये मायक्रोसॉफ्टने ही पद्धत बदलणार असल्याचं जाहीर केलं. नव्या पद्धतीत फॉर्म्युला एकाच चौकोनात लिहायचा, उत्तरं जितकी असतील तितकी ती आपोआप खाली आणि उजवीकडे पसरतात. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आणि एक्सेल 2021 पासून पुढे ही सोय आहे, एक्सेल 2019 मध्ये नाही. तिचं नाव डायनॅमिक अ‍ॅरे. उत्तरं पसरण्याला एक्सेल स्पिल म्हणतं, म्हणजे सांडणं किंवा ओसंडणं, आणि ती जेवढ्या चौकोनांत पसरतात त्या भागाला स्पिल रेंज.

माझी शीट अगदी साधी आहे. आमच्या सोसायटीत 48 फ्लॅट. A कॉलममध्ये फ्लॅट नंबर, B मध्ये सभासदाचं नाव, C मध्ये बाकी रक्कम. पहिल्या ओळीत मथळे आणि माहिती दुसऱ्या ओळीपासून 49व्या ओळीपर्यंत. त्याच शीटवर उजवीकडे, E2 पासून G2 पर्यंत, थकबाकीदारांच्या यादीचे मथळे आणि त्यांच्याखाली E3 मध्ये एकच फॉर्म्युला :

```
=FILTER(A2:C49, C2:C49>0)
```

म्हणजे 48 ओळींपैकी ज्यांच्या C मधली रक्कम शून्यापेक्षा जास्त आहे तेवढ्याच ओळी दाखव. जूनमध्ये नऊ जणांची बाकी होती. त्यामुळे यादी E3 पासून G11 पर्यंत पसरली. छान दिसली. मी एक ओळ मोकळी सोडली आणि 13व्या ओळीत, वहीत लिहितो तसं, E13 मध्ये "एकूण" आणि G13 मध्ये बेरीज मांडली :

```
=SUM(G3:G12)
```

जुलैत थकबाकीदार दहा झाले. यादी 12व्या ओळीपर्यंत आली आणि बेरजेच्या ओळीला टेकली. मोकळी ओळ गेली एवढंच, बेरीज ₹86,400 बरोबर होती. मला तर ती रचना उलट जास्तच नीट वाटली. ऑगस्टमध्ये एका सभासदाचा चेक परत आला, C कॉलममध्ये त्यांच्या नावापुढे रक्कम पडली आणि थकबाकीदार अकरा झाले. यादीला आता 13वी ओळ हवी होती. तिथे "एकूण" लिहिलेलं होतं.

अशा वेळी एक्सेलपुढे दोन वाटा असतात. समोर असलेलं पुसून यादी पुढे नेायची, किंवा थांबायचं. एक्सेल थांबतं. माणसाने टाइप केलेली एकही गोष्ट ते फॉर्म्युल्यासाठी पुसत नाही. आणि अर्धवटही पसरत नाही. पंगतीत अकरा पानं मांडायची आणि अकराव्या जागी आधीच कोणी बसलेलं, तर दहा पानं वाढून अकरावा उपाशी ठेवण्यापेक्षा ते अख्खी पंगतच थांबवतं आणि यजमानाला बोलावतं. मला हे योग्यच वाटतं. दहा नावांची यादी दिसली असती तर अकरावं नाव राहिलंय हे कोणाच्या ध्यानात आलं असतं? गूगल शीट्समध्येही हाच नियम आहे, फक्त तिथे चौकोनात `#REF!` दिसतं आणि माउस त्यावर नेला की कारण वाचायला मिळतं : `Array result was not expanded because it would overwrite data in E13.` आडव्या आलेल्या चौकोनाचा पत्ता ते तिथेच देतं.

एक्सेलही पत्ता देतं, पण विचारावं लागतं. `#SPILL!` असलेल्या चौकोनावर क्लिक केलं की यादीला जेवढी जागा हवी होती तेवढ्या भागाभोवती तुटक रेषेची चौकट उमटते. माझ्याकडे ती E3 पासून G13 पर्यंत होती आणि तिच्या तळाशी "एकूण" अडकलेलं स्पष्ट दिसत होतं. चौकोनाशेजारी पिवळं उद्गारचिन्ह येतं. ते उघडलं की सगळ्यात वर कारण असतं, `Spill range isn't blank`, आणि त्याखाली `Select Obstructing Cells`. हा दुसरा पर्याय निवडला की आडवे आलेले चौकोन स्वतःच निवडले जातात. त्यांतला मजकूर पुसला किंवा दुसरीकडे हलवला की यादी त्या क्षणी पसरते, फॉर्म्युला पुन्हा लिहावा लागत नाही. पाच सेकंदांचं काम.

पण त्या संध्याकाळी मला एररपेक्षा शून्याने जास्त अस्वस्थ केलं. जागा अडली की एररची खूण फक्त पहिल्या चौकोनात उमटते, म्हणजे माझ्या शीटवर E3 मध्ये. यादीचे बाकीचे सगळे चौकोन रिकामे होतात. माझी बेरीज होती G कॉलमची. G3 पासून G12 पर्यंत सगळं रिकामं, म्हणून बेरीज शून्य. हिशेबाच्या दृष्टीने अगदी बरोबर, आणि अर्थाच्या दृष्टीने साफ खोटी. ते शून्य दुसऱ्या शीटवरच्या गोषवाऱ्यात गेलं, तिथे E3 दिसतच नाही, आणि सेक्रेटरींनी तेवढ्याच शीटचा प्रिंट काढला. खरा आकडा होता ₹1,08,000. एरर दिसला असता तर कोणीतरी मला फोन केला असता. शून्याला कोण फोन करतं?

म्हणून पहिली दुरुस्ती बेरजेची केली. पसरलेल्या यादीची बेरीज तिच्या आजच्या ठरावीक पत्त्यावरून घेऊच नये. यादी वाढली की पत्ता अपुरा पडतो आणि यादी अडली की शून्य येतं. मूळ माहिती A ते C मध्ये आहे, ती कुठेही पसरत नाही, मग बेरीज तिथूनच घ्यावी :

```
=SUMIF(C2:C49, ">0")
```

हा फॉर्म्युला मी यादीच्या वर, G1 मध्ये नेला. यादी खाली वाढते, वर कधीच वाढत नाही, त्यामुळे तिथे टक्कर होणार नाही. पसरलेल्या यादीचाच संदर्भ द्यायचा असेल तर एक्सेलने त्यासाठी एक खूण दिली आहे : पहिल्या चौकोनाच्या पत्त्यापुढे `#`. म्हणजे `E3#` लिहिलं की यादी आज जेवढी असेल तेवढी अख्खी. थकबाकीदार किती हे मी `=ROWS(E3#)` असं मोजतो. हिचा आणखी एक फायदा असा की यादी अडली तर इथे शून्य येत नाही, एररच येतो. गोषवाऱ्यात आता बेरजेशेजारी हा आकडाही जातो, म्हणजे यादी अडली तर प्रिंटवरसुद्धा कळतं.

सप्टेंबरमध्ये 13 थकबाकीदार झाले आणि पुन्हा `#SPILL!`. "एकूण"ची ओळ तर मी केव्हाच हलवली होती. चौकट E3 पासून G15 पर्यंत उमटली आणि तिच्या आत काहीच दिसेना. स्वच्छ पांढरे चौकोन. `Select Obstructing Cells` दाबलं, तर एक्सेलने F15 निवडला. तोही रिकामा.

रिकामा दिसणं आणि रिकामा असणं यांतला फरक इथे कळतो. F15 वर क्लिक करून वरच्या फॉर्म्युला बारमध्ये कर्सर ठेवला, तर तो डाव्या कडेला न चिकटता किंचित पुढे उभा राहिला. चौकटीबाहेरच्या एका चौकोनात लिहून पाहिलं :

```
=LEN(F15)
```

उत्तर आलं 1. त्या चौकोनात एक अक्षर होतं, आणि ते अक्षर म्हणजे स्पेस. मग आठवलं. तिथे मी कधीतरी एक नोंद केली होती आणि ती पुसताना डिलीट न दाबता स्पेस बार दाबून एंटर केलं होतं. आमच्या ऑफिसात निम्मे लोक असंच पुसतात. डोळ्यांना चौकोन रिकामा होतो, एक्सेलच्या लेखी तो भरलेलाच राहतो. चौकोन निवडून डिलीट दाबलं आणि यादी आली.

न दिसणारे अडथळे आणखीही आहेत. कोणी नुसतं एकेरी अवतरणचिन्ह टाकून ठेवलेलं असतं, ते चौकोनात दिसत नाही. पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, विशेषतः प्रिंटमध्ये येऊ नये म्हणून लपवलेले आकडे. ओळ किंवा कॉलम लपवलेला असतो आणि मजकूर त्यात असतो. आणि सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे खाली ओढत नेलेला जुना फॉर्म्युला, जो सांगण्यासारखं काही नसेल तेव्हा `""` हे उत्तर देतो. दिसायला काहीच नाही, पण त्या चौकोनात फॉर्म्युला बसलेला आहे, म्हणून जागा अडली. उलट नुसता रंग आणि किनारी यांनी जागा अडत नाही. चौकोन पिवळा केलेला असो की त्याला जाड चौकट काढलेली असो, आत काही नसेल तर यादी त्यावरून खुशाल पसरते.

असे अडथळे एकाहून जास्त आहेत का, हे कळायला मी एक युक्ती वापरतो. यादी अडलेली असते तेव्हा पहिला चौकोन सोडून बाकी जागा रिकामी असायला हवी. आमचे 48च्या 48 फ्लॅट थकले तरी यादी E3 पासून G50 पर्यंतच जाईल. म्हणून दूर कुठेतरी, J1 मध्ये, लिहायचं :

```
=COUNTA(E4:G50)
```

एरर असताना हा आकडा म्हणजे त्या जागेतल्या अडथळ्यांची संख्या. `COUNTA` स्पेसही मोजतं आणि `""` देणारा फॉर्म्युलाही मोजतं, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारं त्याच्या नजरेतून सुटत नाही. मी तपासलं तेव्हा आकडा 3 आला. F15 शिवाय आणखी दोन स्पेस खाली 22व्या आणि 31व्या ओळीत पडून होत्या. यादी अजून तिथवर पोचली नव्हती म्हणून गप्प होत्या.

या सगळ्यापेक्षा वेगळा एक अडथळा म्हणजे जोडलेले चौकोन. आपल्याकडच्या रिपोर्टांना मथळा मधोमध हवा असतो, म्हणून दोन-चार चौकोन निवडून `Merge & Center` दाबायची सवय सगळ्यांना आहे. यादीच्या वाटेत असा जोडलेला चौकोन आला तर तो पूर्ण रिकामा असला तरी यादी थांबते. इथे पुसून उपयोग नाही, चौकोन सुटे करावे लागतात. मथळा मधोमध दिसायलाच हवा असेल तर `Format Cells` मधल्या `Alignment` मध्ये `Center Across Selection` आहे. दिसायला तेच, पण चौकोन वेगळेच राहतात. तसंच पसरणारा फॉर्म्युला एक्सेलच्या टेबलच्या आत, म्हणजे कंट्रोल आणि T दाबून केलेल्या तक्त्यात, लिहिला तर तिथेही `#SPILL!` येतं आणि जागा कितीही मोकळी असली तरी जात नाही. मूळ माहिती टेबलमध्ये असायला काहीच हरकत नाही, यादी मात्र त्याच्या बाहेर काढायची.

एरर दिसू नये म्हणून फॉर्म्युल्याभोवती `IFERROR` गुंडाळण्याचा सल्ला मला दोघांनी दिला. करून पाहिलं. `#SPILL!` तसंच राहिलं. कारण विचार केल्यावर पटतं. `IFERROR` फॉर्म्युल्याच्या आतल्या हिशेबावर लक्ष ठेवतं, आणि आतला हिशेब बरोबरच असतो, 13 ओळी तयार असतात. अडचण येते ती त्या ओळी कागदावर मांडताना, म्हणजे `IFERROR`चं काम संपल्यानंतर. मला हे बरंच वाटलं. तो एरर लपवता आला असता तर ते शून्य आणखी किती महिने छापलं गेलं असतं कोण जाणे.

ऑक्टोबरमध्ये यादी तिसऱ्यांदा अडली. या वेळी फाइल कमिटीतल्या एका ताईंकडे होती. यादीत त्यांच्या शेजाऱ्यांचं आडनाव चुकीचं पडलेलं त्यांना दिसलं आणि त्यांनी F7 वर जाऊन ते नीट टाइप केलं. एंटर दाबताच सगळी नावं नाहीशी झाली, वर `#SPILL!` आणि मधे एकच, त्यांनी लिहिलेलं शुद्ध आडनाव. घाबरून त्यांनी मला फोन केला. "अहो, मी फक्त एक वेलांटी बदलली हो, सगळ्या सोसायटीची नावं उडाली!" मी म्हटलं, काही उडालेलं नाही, F7 वर जा आणि डिलीट दाबा. यादी परत आली. नाव दुरुस्त करायची जागा B कॉलम, यादीत दिसतं ते त्याचं प्रतिबिंब. पसरलेल्या यादीतल्या कुठल्याही चौकोनावर क्लिक केलं तर सगळ्या यादीभोवती निळी बारीक रेघ येते आणि पहिला चौकोन सोडून बाकी सगळीकडे फॉर्म्युला बारमध्ये फॉर्म्युला फिकट करड्या अक्षरांत दिसतो. तशी फिकट अक्षरं दिसली की तिथे टाइप करायचं नाही, एवढं मी त्यांना दाखवलं. नंतर त्यांनीच ते इतरांना दाखवलं.

राहता राहिला सेक्रेटरींचा आग्रह. बेरीज वर नेल्याचं त्यांना पटत नव्हतं. "हिशेबाची बेरीज खालीच असते, ऑडिटरही खालीच शोधतो." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बेरीज खाली हवी आणि टक्करही नको, तर बेरीज यादीचाच भाग करावी लागते, म्हणजे यादी खाली सरकली की बेरीजही तिच्याबरोबर सरकेल. मायक्रोसॉफ्ट 365 मध्ये आणि एक्सेल 2024 मध्ये त्यासाठी दोन फंक्शन्स आहेत, ओळी एकाखाली एक रचणारं `VSTACK` आणि चौकोन शेजारी शेजारी ठेवणारं `HSTACK`. E3 मध्ये आता हे आहे :

```
=VSTACK(
  FILTER(A2:C49, C2:C49>0),
  HSTACK("एकूण", "", SUMIF(C2:C49, ">0"))
)
```

आधी थकबाकीदार, त्यांच्या लगेच खाली तीन चौकोनांची एक ओळ : "एकूण", मधला रिकामा आणि बेरीज. माणसं नऊ असोत की वीस, ती ओळ यादीच्या शेपटीला चिकटून राहते. राखीव जागा एका ओळीने वाढली, म्हणून J1 मधला पत्ता G51 पर्यंत केला. `ROWS(E3#)` मधून एक वजा करावा लागला, नाहीतर बेरजेची ओळही थकबाकीदार म्हणून मोजली जाते.

सही करायची ओळही सेक्रेटरींना यादीखालीच हवी होती, "खजिनदार" आणि "सचिव" अशी. ती शीटवर कुठेच लिहिली नाही. पेज सेटअपमधल्या फूटरमध्ये टाकली. ती फक्त कागदावर छापली जाते, एकही चौकोन अडवत नाही.